ससा व हरिण जागच्या जागी का थिजतात?
(इयत्ता चौथी व पाचवीच्या परिसर-अभ्यासासाठी शिक्षकांकरिता पाठ)

पुष्कळ वर्षांपूर्वी, मी एका माळावरच्या दोनशिक्षकी शाळेत असताना, चौथीतला एक मुलगा सदऱ्याच्या ओच्यात काहीतरी घेऊन वर्गात आला. ते सशाचे पिल्लू होते. मूठभर आकाराचे, अंगावर दाट लव, डोळे टक्क उघडे. मुलगा म्हणाला, "गुरुजी, ह्याची आई ह्याला टाकून गेली. मी जवळ गेलो तरी पळालं न्हाई, हललंसुदिक न्हाई. आजारी हाय वाटतं." मीही त्याला शाबासकी दिली. आम्ही खोक्यात चिंध्या घातल्या, कापसाच्या बोळ्याने गाईचे दूध पाजू लागलो, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी ते पिल्लू मेलेले आढळले. ते आजारी नव्हते आणि त्याच्या आईने त्याला टाकलेही नव्हते, हे मला त्यानंतर बऱ्याच काळाने समजले. ते हलले नाही, याचा अर्थ आम्ही दोघांनीही उलटा लावला होता. ती चूक आपल्या शाळांतून पुन्हा होऊ नये, म्हणून हा पाठ लिहीत आहे.

'ससा किंवा हरिण दचकले की ताबडतोब पळत का नाही?' असे वर्गात विचारल्यास बहुतेक मुले 'भीतीने त्याचे पाय गळतात' असे उत्तर देतात. हे उत्तर चुकीचे असले तरी त्याला हसू नये. आपल्या भाषेत 'भीतीने गर्भगळित होणे', 'पाय जमिनीला खिळणे' अशा बोलण्याने तीच कल्पना रुजलेली आहे. वस्तुतः थिजलेल्या सशाचे पाय मुळीच गळालेले नसतात. ते ताणलेले असतात. त्याला नीट पाहिल्यास मागचे पाय पोटाखाली दुमडलेले, कान पाठीवर चपटे दाबलेले किंवा आवाजाच्या दिशेला रोखलेले, आणि सारे अंग उडी घेण्याच्या बेतात असे दिसेल. चितळही मान वर करून, एखादे वेळी पुढचा पाय अर्धवट उचललेल्या स्थितीतच, उभे राहते. ही गलितगात्र प्राण्याची लक्षणे नव्हेत. मग तो प्राणी त्या क्षणांत काय करीत असतो?

प्रथम शत्रूच्या डोळ्याचा विचार करू. आपल्या माळावर सशाचे शत्रू म्हणजे कुत्रा, कोल्हा, लांडगा, रानमांजर आणि वरून येणारे गरुड. जंगलातील हरणांचे शत्रू म्हणजे वाघ, बिबट्या व रानकुत्री. या सर्वांच्या नजरेत एक गोष्ट सामान्य आहे: स्थिर वस्तूपेक्षा हलणारी वस्तू त्यांना फार लवकर दिसते. १९३६ साली १४ पोलीस कुत्र्यांची दृष्टी तपासण्यात आली होती. त्यांतील तीक्ष्ण नजरेच्या कुत्र्यांना हलणारी वस्तू ८१० ते ९०० मीटर अंतरावरून ओळखता आली. परंतु तीच वस्तू स्थिर ठेवल्यावर ५८५ मीटरपलीकडून ओळखता आली नाही. अंतरातील हा फरक तर मोकळ्या जागी, वस्तू समोर धरलेली असतानाचा आहे. कुसळीच्या वाळल्या गवतात, त्याच रंगाचा ससा अंग चोरून बसला असता त्याच्या बाह्यरेषाच गवतात मिसळून जातात, आणि डोळ्याला धरावयास हालचालीवाचून दुसरे काहीच उरत नाही. शिवाय या मांसाहारी सस्तन प्राण्यांना आपल्याइतके रंग दिसत नाहीत. तांबूस व हिरवा यांतील भेद त्यांना जवळजवळ कळत नाही. म्हणून हिरव्या झुडपासमोर उभे असलेले तांबूस चितळ आपल्याला उठून दिसले, तरी बिबट्याला तसे दिसत नाही. पण त्या चितळाने कान हलविला की बिबट्याला तो तत्काळ दिसतो.

हे सांगून पटणार नाही; मुलांना ते करून दाखवावे. वाळल्या गवताचा एक तुकडा निवडा. गोणपाटाचे वीतभर तुकडे गुंडाळून त्यांची पाच-सहा बोचकी करा, आणि त्यांतील एकाला लांब काळा दोरा बांधा. मुले वर्गात असतानाच ती बोचकी गवतात विखरून ठेवा. दोऱ्याचे टोक एखाद्या मोठ्या मुलाच्या हाती देऊन त्याला बांधाआड बसवा. मग मुलांना सुमारे तीस पावलांवर ओळीने उभे करून किती बोचकी दिसतात ते प्रत्येकाने पाटीवर लिहावे. त्यानंतर दोरा चार बोटे ओढावयास सांगा. ओढलेल्या बोचक्याकडे साऱ्या वर्गाच्या माना एकदम वळतील. ज्यांना ते आधी दिसले नव्हते, त्यांनाही दिसेल. आता महत्त्वाचा प्रश्न विचारावा: 'ते बोचके आता पुन्हा स्थिर झाले आहे, ते तुम्हांला अजून दिसते का?' सर्व मुले 'हो' म्हणतील. एकदा हालचालीने नजर तेथे गेली की मग स्थिर राहून उपयोग होत नाही. ससा दचकताच, पहिल्या क्षणालाच थिजतो, दोन पावले पळून मग थिजत नाही, याचे कारण मुलांना या एका अनुभवातून समजते.

मुलांनी बेडकाचे उदाहरण दिल्यास ते अवश्य घ्यावे. बेडूक समोरून उडणारी माशी जिभेने टिपतो, पण पुढ्यात मेलेल्या माशा पडल्या तरी त्याला त्या खाद्य वाटत नाहीत. मात्र कुत्रा किंवा बिबट्या बेडकासारखा नाही, हेही सांगावे. स्थिर ससा त्यांना दिसूच शकत नाही असे नव्हे. त्यांची नजर थेट त्यावर पडली तर तो दिसतो. स्थिरतेने ससा अदृश्य होत नाही. आपल्यावर नजर पडण्याचा संभव मात्र तो कमी करतो.

आतापर्यंत आपण थिजण्याचा एकच अर्थ पाहिला, तो म्हणजे स्वतः न दिसणे. त्याला तितकाच महत्त्वाचा दुसरा अर्थ आहे, आणि पाठ्यपुस्तकांत तो क्वचितच आढळतो. थिजलेला प्राणी स्वतः पाहत व ऐकत असतो.

सागाच्या जंगलात फाल्गुन-चैत्रात गेलेल्यांस पाचोळ्याचा आवाज ठाऊक असेल. वाळलेले सागाचे पान पापडासारखे मोडते. अशा पाचोळ्यातून चरत चाललेल्या चितळाला स्वतःच्या पावलांच्या आवाजात दुसऱ्याचे पाऊल ऐकू येणे कठीण असते. बिबट्या पावले मोजून टाकतो; तो कळप चरत असताना सरकतो आणि कळपाने माना वर केल्या की थांबतो. म्हणून काही खुट्ट झाले की चितळाला पहिली गरज असते ती स्वतःचा आवाज बंद करण्याची. तोंडातले चर्वणसुद्धा थांबते. ही गोष्टही मुलांना अनुभवता येईल. एका मुलाने डोळे मिटून पाचोळ्यावर चालत राहावे व दुसऱ्याने पंधरा पावलांवरून मधूनमधून दोन वाळली पाने एकमेकांवर घासावीत. चालत असता त्याला तो आवाज येत नाही. उभा राहताच येतो.

डोळ्यांचेही तसेच आहे. आपण पळत असता आपल्या दृष्टीला सारे रान मागे सरकताना दिसते. त्या सरकणाऱ्या चित्रात एक झुडूप बाजूला सरकले की त्यामागून बिबट्याचा खांदा पुढे आला, हे ओळखणे अवघड असते. आपण पूर्ण स्थिर उभे राहिलो की सारे रान स्थिर होते, आणि त्यात जे हलेल ते उठून दिसते. हरणांना तर याची गरज अधिकच आहे, कारण त्यांनाही तांबडा-हिरवा भेद कळत नाही. वाघाचा भडक नारिंगी रंग आपल्याला दुरून दिसतो. हरणाच्या डोळ्याला तो आजूबाजूच्या गवतासारखाच भासतो. तेव्हा प्रसंग असा होतो की एकीकडे वाघ दबा धरून स्थिर, दुसरीकडे चितळ मान वर करून स्थिर. आणि जो आधी हलेल त्याचे ठिकाण दुसऱ्याला कळेल.

चितळाला एकदा शत्रू निश्चित दिसला की त्याचे वागणे बदलते. ते पुढचा पाय जमिनीवर आपटते, शेपूट वर करते आणि तीक्ष्ण ओरडते. आता लपण्यात अर्थ उरलेला नसतो. उलट 'तू मला दिसलास' हे शत्रूला कळविण्यात लाभ असतो, कारण ज्याचा दबा उघडकीस आला तो वाघ बहुधा शिकार सोडून निघून जातो. पाय आपटून ओरडणारे चितळ आणि निःशब्द थिजलेले चितळ ही एकाच घटनेची दोन निरनिराळी पाने आहेत. पहिले पान 'काय आहे?' असे विचारते. दुसऱ्यावर उत्तर मिळालेले असते.

आता अंगाच्या आत काय चालते ते पाहू. भय वाटले म्हणजे छाती धडधडते, असा आपला अनुभव आहे. त्यामुळे थिजलेल्या सशाचे हृदयही धडधडत असेल, असे वाटणे साहजिक आहे. परंतु मोजमाप केल्यावर नेमके उलट आढळले. थिजलेल्या क्षणी हृदयाची गती मंदावते. अमेरिकेतील पांढऱ्या शेपटीच्या हरणांच्या पाडसांवर १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, घाबरून निपचित पडलेल्या पाडसाच्या हृदयाचे ठोके नेहमीच्या निम्म्याहूनही खाली उतरतात असे दिसून आले. श्वासही उथळ होतो. पाडस उठून पळू लागले की तेच हृदय क्षणात वेगाने धावू लागते.

याची व्यवस्था मेंदूत आहे. मेंदूतील बदामाच्या आकाराचा एक भाग धोक्याची खूण पटविणारा आहे. त्याला अमिग्डाला म्हणतात. तेथून निरोप मध्यमेंदूत जातो. मध्यमेंदूत एका बारीक नलिकेभोवती करड्या पेशींचा एक थर आहे. त्या थराचा खालचा भाग उद्दीपित झाला तर प्राणी थिजतो, आणि वरचा भाग उद्दीपित झाला तर पळतो किंवा झुंजतो. म्हणजे थिजणे हा पळण्याचा अभाव नसून पळण्यासारखीच, मेंदूत स्वतःची जागा असलेली, स्वतंत्र क्रिया आहे. त्या वेळी स्नायूंना सज्ज करणारी यंत्रणा चालूच असते; पण हृदयाला आवरणारी यंत्रणा तिच्यावर लगाम धरून असते. खेड्यातील मुलांना हे समजावयास शर्यतीच्या गाड्याचे उदाहरण पुरेसे आहे. झेंडा पडण्यापूर्वी बैल जुंपलेले असतात, अंगात जोर उसळत असतो, पण कासरा ताणून धरलेला असतो. तेथे गाडा उभा आहे म्हणून बैलांत दम नाही, असे कोणी म्हणत नाही. कासरा सुटला की गाडा धावतो. थिजलेल्या सशाला उडी मारावयास वेळ लागत नाही, तो यामुळेच.

कासरा केव्हा सुटतो? ससा थिजून बसतो हे खरे. पण आपण त्याच्यावर पाय देण्याच्या बेतात आलो की तो पायाखालून बंदुकीच्या गोळीसारखा निघतो, हाही प्रत्येक गुराख्याचा अनुभव आहे. यामागे एक हिशेब आहे. १९८६ साली यडेनबर्ग व डिल या कॅनडातील दोन प्राणिशास्त्रज्ञांनी तो सुसूत्रपणे मांडला. त्यांचे म्हणणे असे की शत्रू दिसताच पळणे ही प्राण्याच्या दृष्टीने फुकटची गोष्ट नाही. पळण्याला किंमत पडते व बसून राहण्यालाही पडते. दोहोंची तुलना जेथे उलटते, तेथे प्राणी पळतो.

हा हिशेब एका प्रसंगावर मांडून पाहू. तरवडाच्या झुडपाशेजारी ससा बसला आहे. शंभर पावलांवरून एक कुत्रा येत आहे. कुत्रा सरळ सशाकडे येत नसून, आपल्या वाटेने चालला तर सशापासून पंधरा पावलांवरून जाणार आहे. सशाने आताच पळ काढला, तर काय होईल? कुत्र्याला तो निश्चित दिसेल. न घडणारा पाठलाग सशाने स्वतःच ओढवून घेतला असे होईल. ओळखीची झुडपे सोडून त्याला मोकळ्या माळावर धावावे लागेल. तेथे दुसरा कुत्रा असेल, वर गरुड असेल. शिवाय धावण्यात शक्ती जाईल, व ती शक्ती कोरड्या गवतावर जगणाऱ्या प्राण्याला सहज भरून काढता येत नाही. उलट बसून राहिला, तर शंभर पावलांवर कुत्र्याला तो दिसण्याचा संभव अगदी थोडा. म्हणून ससा बसतो. कुत्रा ऐंशी पावलांवर येतो, साठांवर येतो; धोका थोडा वाढतो, पण अजून पळण्याची किंमतच अधिक आहे. आता समजा, तीस पावलांवर कुत्रा थबकला, त्याने नाक वर केले व सशाच्या दिशेला वळला. अंतर फारसे बदलले नाही, परंतु हिशेब एकदम उलटला. आता बसून राहणे महाग. ससा उसळतो, आणि त्याच्या अकस्मात उसळण्याने कुत्राही क्षणभर दचकतो. सशाला तेवढा क्षण पुरतो.

येथे 'हिशेब' हा शब्द आपल्या सोयीचा आहे. ससा मनात आकडे मांडत नाही, हे मुलांना स्पष्ट सांगावे. ज्या सशांनी फार लवकर किंवा फार उशिरा पळ काढला त्यांची पिल्ले कमी उरली. ज्यांची वेळ बरोबर साधली त्यांची अधिक उरली. पिढ्यानपिढ्यांच्या या चाळणीतून ही सवय अंगी मुरली आहे. कुत्रा वळून पाहतो का, सरळ येतो की तिरका येतो, हे प्राणी बारकाईने टिपतात. म्हणूनच रानात हरणांकडे रोखून पाहत सरळ चालत गेल्यास ती लवकर पळतात, आणि दुसरीकडे पाहत तिरके गेल्यास पुष्कळ जवळ जाऊ देतात.

या हिशेबात एक मोठी उणीव आहे. थिजण्याने डोळ्याला व कानाला चकविता येते, नाकाला नाही. वारा सशाकडून कुत्र्याकडे वाहत असेल, तर कितीही स्थिर बसले तरी वास पोहोचतोच.

आता आरंभीच्या पिल्लाकडे वळू. मोठ्या सशाला थिजणे व पळणे असे दोन मार्ग आहेत. पिल्लाला दुसरा मार्गच नाही. नुकत्याच जन्मलेल्या पाडसाचे पाय बिबट्यापुढे काय उपयोगाचे? म्हणून चितळासारख्या हरणाची मादी पाडसाला पहिले काही दिवस गवतात किंवा झुडपात लपवून ठेवते व स्वतः दूर चरते. हे दूर जाणे निष्काळजीपणाचे नाही. आईच्या अंगाचा वास मोठा, तिचा आकार मोठा. ती जवळ राहिली तर शत्रूला पाडसाचा पत्ताच देईल. ती पाडसाला चाटून स्वच्छ ठेवते, त्याची विष्ठासुद्धा खाऊन टाकते, जेणेकरून वास मागे राहू नये. दिवसातून काही वेळा येऊन पाजते व पुन्हा निघून जाते. पाडसाचे काम एकच, निपचित पडून राहणे. पायाजवळ माणूस आला तरी ते हलत नाही. काही आठवड्यांनी पायांत बळ आले की ही सवय मागे पडते व ते आईबरोबर पळू लागते.

सशाच्या बाबतीत आपल्या भाषेमुळे एक घोटाळा होतो. मराठीत 'ससा' हा एकच शब्द दोन निराळ्या प्राण्यांना लावला जातो. घरी पाळतात तो पांढरा ससा मूळचा युरोपातील बिळात राहणारा प्राणी आहे. त्याची पिल्ले आंधळी व उघडी जन्मतात आणि बिळात वाढतात. आपल्या माळावरचा करड्या-तपकिरी रंगाचा, लांब कानांचा, मानेवर काळसर डाग असलेला ससा बीळ करीत नाही. गवत दाबून केलेल्या उथळ खळग्यात तो बसतो, आणि त्याची पिल्लेही लव व उघडे डोळे घेऊनच उघड्यावर जन्मतात. युरोपातील मैदानी सशांच्या निरीक्षणावरून असे ठरले आहे की पिल्ले जन्मानंतर काही दिवसांतच वेगवेगळी होऊन निरनिराळ्या जागी एकेकटी लपून बसतात. सूर्यास्तानंतर जन्मस्थानी एकत्र जमतात. आई तेथे येते, काही मिनिटे पाजते आणि निघून जाते. दिवसाकाठी आईची भेट एवढीच. म्हणजे दुपारी बारा वाजता गवतात एकटे, न हलणारे पिल्लू दिसले, तर ते जसे असावयास हवे तसेच आहे.

आमच्या शाळेतील पिल्लाचे असेच झाले. तो मुलगा जवळ गेला, ते हलले नाही; कारण न हलणे हेच त्याचे एकमेव संरक्षण होते. आम्ही त्यालाच रोग समजलो.

म्हणून वर्गात पुढील गोष्टी स्पष्ट सांगाव्यात. असे पिल्लू किंवा पाडस दिसल्यास हात न लावता, मागे सरून, कुत्र्याला तेथून दूर न्यावे. पाहण्यासाठी मुलांची गर्दी करू नये, कारण गर्दी असेपर्यंत आई येणार नाही. कोणी आधीच उचलून आणले असेल, तर त्याच दिवशी, अंधार पडण्यापूर्वी, नेमक्या त्याच जागी नेऊन ठेवावे. 'माणसाचा हात लागला की आई पिल्लाला घेत नाही' असे पुष्कळ लोक सांगतात, व त्या समजुतीने पिल्लू परत न ठेवता घरी ठेवून घेतात. तसे करू नये. परत ठेवणे हाच त्याच्या जगण्याचा सर्वांत चांगला मार्ग होय. गाईचे दूध पाजू नये. रक्त येत असेल, माशा घोंगावत असतील, पाय लुळा असेल किंवा आई शेजारीच मेलेली असेल, तरच ते खरोखर संकटात आहे असे समजावे व वनरक्षकास कळवावे. वन्य ससा अथवा हरिण शाळेत किंवा घरी पाळणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने निषिद्धही आहे.

ही सवय ज्या शत्रूंसाठी घडली, त्यांच्या यादीत माणसाची यंत्रे नाहीत. आणि तेथे ती घातक ठरते. युरोपात गवत कापण्याच्या यंत्रापुढे लहान हरणांची पाडसे अशीच निपचित पडून राहतात व पात्याखाली सापडतात. त्यासाठी तेथे पहाटे, जमीन थंड असताना, उष्णता टिपणारे कॅमेरे लावलेली लहान विमाने कुरणावरून फिरवून पाडसे आधी शोधून काढली जातात. आपल्याकडे कापणीपूर्वी दोन माणसांनी शेतातून आडवे-उभे एक फेर चालून यावे, आणि कापणी शेताच्या मध्यापासून कडेकडे न्यावी, म्हणजे मोठ्या प्राण्यांना तरी बाहेर पडावयास वाट राहते.

रस्त्यावरील मोटारीचेही तसेच. अंधारात सशाच्या व हरणाच्या डोळ्यांच्या बाहुल्या पूर्ण विस्फारलेल्या असतात. त्यांत दिव्यांचा झोत पडला की डोळे दिपतात; कोणत्या बाजूस काय आहे हे दिसतच नाही, आणि जे दिसत नाही त्याविषयी प्राणी पहिली क्रिया करतो ती थांबण्याची. कुत्रा जवळ येऊ देऊन शेवटच्या दहा मीटरवर उसळी घेण्याची सशाची रीत माळावर चालते. परंतु ताशी ६० किलोमीटर वेगाची मोटार सेकंदाला जवळजवळ १७ मीटर येते; दहा मीटरवर उसळी घ्यावयास त्याच्या हाती सेकंदाच्या निम्म्याहून थोडाच अधिक वेळ उरतो. हे गणित पाचवीच्या मुलांकडून फळ्यावर करवून घ्यावे. वाहन चालविणाऱ्याने वेग कमी करून दिव्यांचा झोत खाली केला, तर डोळ्यांना वाट दिसू लागते व प्राणी बहुधा बाजूला होतो.

आणखी एक गोष्ट पाळीव सशासंबंधी सांगावयाची आहे. काही मुले सशाला उताणा करून पोट चोळतात. ससा निश्चल होतो, आणि 'बघा, त्याला झोप आली, त्याला आवडते' असे म्हणतात. हे थिजणे वर वर्णिलेले नव्हे. शत्रूच्या तावडीत सापडल्यावर, सुटकेचा मार्ग संपल्यावर येणारी ही मृतवत् अवस्था आहे. पहिल्या प्रकारात प्राणी उडीसाठी सज्ज असतो. दुसऱ्यात अंग ढिले पडलेले किंवा ताठरलेले असते व हाक मारली तरी प्रतिसाद नसतो. सशाला त्यात सुख नसून कमालीचे भय असते. हा खेळ बंद करावा.

तीन वर्षांनी त्याच माळावर, शाळेच्या कुंपणापासून साठ-सत्तर पावलांवर, मुलांना पुन्हा एक पिल्लू दिसले. या वेळी ते सांगावयास आले, घेऊन आले नाहीत. आम्ही त्या जागेपासून दूर एक काठी रोवून खूण केली आणि त्या दिवशी खेळाचा तास दुसऱ्या अंगाला घेतला. शाळा सुटल्यावर मी ओट्यावर बसून राहिलो. अंधुक झाले तेव्हा बांधाच्या बाजूने एक मोठा ससा आला, दोनदा थांबला, कान फिरवून बराच वेळ थिजून राहिला, आणि गवतात शिरला. तो पुन्हा बाहेर पडला तेव्हा माझ्या हातातील घड्याळाचे काटे दिसेनासे झाले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलांनी दुरूनच पाहिले. पिल्लू त्या जागी नव्हते, दाबलेल्या गवताचा खळगा तेवढा होता.